फोटोखालच्या ओळीत लपलेला ‘तो’

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी माझं दोन वर्षांचं नातं संपलं. मी फोंड्याची, नोकरीला पणजीत. आमचे बहुतेक मित्र सामाईक आहेत. मधल्या काळात मी स्कूटर शिकले. परवा दिवाडीला जाताना फेरीबोटीवर स्कूटरजवळ उभी राहून काढलेला एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे. मी सावरलेय हे दिसावं, पण कुणाचं नाव नको आणि टोमणाही वाटायला नको. मी लिहिलं होतं: ‘शेवटी स्वतःला शोधलं. काही लोक निघून जातात तेव्हाच कळतं, आपण एकटेही किती काही करू शकतो. नवी सुरुवात.’ नाव नाही, तरी काहीतरी खटकतंय. काय बदलू?

उत्तर:

तुमच्या ओळीत नाव नाही हे खरं, पण तो माणूस त्यात सहा ठिकाणी आहे. मराठीत माणूस नुसत्या नावात नसतो. तो एखाद्या ‘च’मध्ये असतो, एखाद्या ‘शेवटी’मध्ये असतो, क्रियापदाच्या शेपटीत असतो. सामाईक मित्रांना नाव लागतच नाही. त्यांना एवढी खूण पुरते.

तुमची ओळ सुरुवातीपासून बघू. ‘शेवटी’ म्हटलं की त्याआधी काहीतरी लांबलेलं, रखडलेलं होतं असं वाचणारा धरून चालतो आणि ते काय होतं हे शोधायला लागतो. ‘काही लोक’ हे अनेकवचन फक्त दिसायला आहे. गोष्ट माहीत असलेला प्रत्येक जण ते एकवचनीच वाचतो. ‘निघून जातात’मध्ये जाणारा आहे आणि मागे राहिलेली आहे, म्हणजे कुणी कुणाला सोडलं याचा निकालही त्यात आला. ‘एकटेही’ हा शब्द आधी दोघं होती हे सांगतो. ‘नवी सुरुवात’ला आधी काहीतरी संपावं लागतं.

सहावी जागा सर्वांत वाईट, ती ‘तेव्हाच’. त्या एका ‘च’मुळे वाक्याचा अर्थ असा झाला की तो गेला म्हणून तुम्ही काही करू शकलात. स्कूटर शिकलात तुम्ही, चार महिने घाबरत घाबरत हात बसवला तुम्ही, आणि वाक्याने श्रेय दिलं निघून जाणाऱ्याला. जे खटकत होतं ते बहुधा हेच. हे सहा शब्द काढले तर ओळीत ‘स्वतःला शोधलं’ आणि ‘किती काही करू शकतो’ एवढंच उरतं, आणि त्या दोन्हींत नेमकं असं काहीच नाही. म्हणून कामं दोन आहेत. आधी ओळीतून माणूस काढायचा, मग रिकाम्या झालेल्या जागी एक खरी गोष्ट ठेवायची.

माणूस काढताना तुमच्या ओळीत नसलेले, पण पुढच्या खर्ड्यात हमखास येणारे शब्दही ओळखून ठेवा. ‘तू’ आणि ‘तुझं’ तर उघडच आहेत. ‘आता’ मात्र फसवा आहे. ‘आता मी गाडी चालवते’ हे वाचून पहिला प्रश्न पडतो तो ‘मग आधी कोण चालवायचं?’ असा, आणि तुमच्या मित्रांना त्याचं उत्तर माहीत आहे. ‘पुन्हा’ आणि ‘परत’ यांचंही तसंच. ‘पुन्हा हसतेय’ म्हटलं की मधे हसू बंद होतं हे आलं. तुलनेचं ‘पेक्षा’ आणि ‘शिवाय’ ही शब्दयोगी अव्ययं तर दुसऱ्या कुणाला हाताला धरूनच येतात. ‘पूर्वीपेक्षा बरी आहे’ यातली ‘पूर्वी’ म्हणजे कोणाची साथ, हे सगळ्यांना कळतं.

‘स्वतः’ही जपून वापरा. मराठीत ‘स्वतः गाडी चालवत आले’ याचा साधा अर्थ दुसऱ्या कुणी आणलं नाही असा होतो. फोटोत तुम्ही एकट्या आहात, शेजारी स्कूटर आहे. एवढं दिसत असताना ‘स्वतः’ आणि ‘एकटी’ लिहायची गरजच नाही. डोळ्यांना दिसणारी गोष्ट शब्दांत परत सांगितली की वाचणाऱ्याला त्यात हेतू दिसायला लागतो.

‘आपण’ची अडचण वेगळी आहे. मराठीतलं ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं आणि ‘आपण’ त्याला आत घेतं. त्यामुळे ‘आपण किती काही करू शकतो’ हे वाक्य एकतर सगळ्या जगाला उपदेश होतं, नाहीतर त्या एका वाचणाऱ्याला आत ओढतं. दोन्ही नको. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे कर्ता गाळणं. मराठीत ते अगदी सहज होतं, कारण क्रियापदच तुमची ओळख सांगतं. ‘शिकले’ म्हटलं की ‘मी’ लागत नाही.

आता क्रियापदं, कारण बहुतेकांचा तोल इथेच जातो. ‘सोडलं’, ‘संपवलं’, ‘मिटवलं’ या क्रियापदांना कर्म लागतं. काय सोडलं, कुणाला सोडलं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘सुटलं’, ‘संपलं’, ‘मिटलं’ यांना ते लागत नाही, म्हणून त्यांत दोषारोपही येत नाही. तुमचा फोटो फेरीबोटीवरचा आहे आणि मराठीत फेरी ‘सुटते’च. त्यामुळे ‘सकाळची पहिली फेरी सुटली’ एवढं वाक्य खरं आहे, नेमकं आहे, आणि ज्याला ऐकायचा त्याला दुसरा अर्थ त्यात आपोआप ऐकू येतो. तुम्ही तो अर्थ दाखवायला जात नाही, म्हणूनच तो चालतो.

‘लागणे’ हे क्रियापद दुधारी आहे. ‘गाडी चालवायला लागले’ म्हणजे सुरुवात केली. ‘गाडी शिकावी लागली’ म्हणजे नाइलाज झाला, आणि नाइलाज म्हटला की तो कुणामुळे हा प्रश्न आलाच. घाईत टाइप करताना ‘शिकायला लागली’, ‘शिकायला लागलं’ असं काहीतरी होतं आणि एका अक्षराने ओळ कौतुकाची तक्रारीची होते. सावरणं दाखवायला माझ्या मते मराठीतलं सर्वांत कामाचं क्रियापद आहे ‘जमणे’. ‘जमलं’ थोडं मिरवल्यासारखं वाटतं. ‘जमतंय’मध्ये शिकणं चालू आहे, चुका होत आहेत आणि तरी पुढे चाललंय, हे सगळं येतं. वाढ म्हणतात ती एवढीच असते, आणि मित्रांनाही ती पटते. ‘मी पूर्ण बदलले’ असं चार महिन्यांनी लिहिलेलं कुणाला पटत नाही.

पाऊस, समुद्र, वारा यांच्या आडून बोलायचा मोह फेरीवरच्या फोटोत फार होतो. पण मराठीत नामाला लिंग आहे हे विसरलं तर इथे फसगत होते. मुलीने ‘पाऊस थांबला’, ‘वारा बदलला’, ‘तो समुद्र मागे पडला’ असं लिहिलं की ‘थांबला’, ‘बदलला’, ‘पडला’ यांतून मित्र ‘तो’च वाचतात. मुलाने ‘लाट ओसरली’, ‘नदी पार केली’ असं लिहिलं तर त्यांत ‘ती’ ऐकू येते. यातून बाहेर पडायचा उपाय व्याकरणातच आहे, तो म्हणजे नपुंसकलिंगी नाम. पाणी, ऊन, आभाळ, झाड, शेत, बंदर. ‘ऊन पडलं’, ‘पाणी संथ होतं’ या ओळी कुणाच्या अंगावर जात नाहीत. नाहीतर तुमच्याच लिंगाचं नाम घ्या, मग ते तुमच्याकडे येतं. मुलीसाठी गाडी, फेरी, वाट, सकाळ, भरती. तुमच्या बाबतीत ‘गाडी’ हे नाम अगदी बरोबर बसतं.

फेरीबोटीच्या फोटोसाठी दोन शब्दांपासून सांभाळून राहा. पहिला ‘धक्का’. आपण जेटीला सहज धक्का म्हणतो, पण ‘धक्का मागे राहिला’, ‘धक्का ओलांडला’ असं फोटोखाली लिहिलं की तो शब्दखेळ वाटतो, तुमच्या मनात नसला तरी. दुसरा ‘पैलतीर’. या शब्दाला अभंगांचं आणि मरणाचं वजन आहे. तो वाचून मित्र दाद देणार नाहीत, काळजीने फोन करतील. ‘पलीकडे’ लिहा, किंवा सरळ ‘दिवाडी’ लिहा.

आता रिकाम्या जागी ठेवायची खरी गोष्ट. ती डोक्यात शोधू नका, फोटोत शोधा. फोटो मोठा करून त्यात दिसणाऱ्या पाच वस्तू कागदावर लिहा. तुमच्या फोटोत असतील अशा: स्कूटर, हेल्मेट, फेरीचा लोखंडी रॅम्प, मांडवीचं पाणी, सकाळचा उजेड. मग प्रत्येकीपुढे एक प्रश्न लिहा, ‘चार महिन्यांपूर्वी यातलं मला काय येत नव्हतं?’ पाण्यापुढे आणि उजेडापुढे काही लिहिता येणार नाही, ते सगळ्यांचेच आहेत. हेल्मेटपुढेही फारसं नाही. रॅम्पपुढे मात्र नक्की येईल. ज्याने नव्याने दुचाकी हातात घेतली आहे त्याला माहीत असतं की साध्या रस्त्यापेक्षा फेरीत गाडी चढवणं अवघड. रॅम्प ओला असतो, लोखंडावर चाक सरकतं, बोट हलत असते, मागे गाड्यांची रांग असते आणि शेवटच्या क्षणी ब्रेक दाबावासा वाटतो. तुमची वाढ तिथे आहे. ती त्या रॅम्पवर इतरांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल वेगळा दावा करावा लागत नाही.

आता ओळ बांधू. पहिला सरळ खर्डा असा होईल:

‘चार महिन्यांत गाडी शिकले.’

यात माणूस नाही, पण आकडा आहे. सामाईक मित्र चार महिने मागे मोजतील आणि बरोबर त्या दिवसावर येऊन थांबतील. ब्रेकअपनंतरच्या ओळीत काळाचं मोजमाप कधीच ठेवू नये, मग ते दिवस असोत की ऋतू. ‘गेल्या पावसात’ हेसुद्धा मोजमापच आहे. आकडा काढला की उरतं:

‘गाडी शिकले.’

हे स्वच्छ आहे, पण कोरडं. फोटोशी त्याचं नातं नाही. ते बागेतल्या फोटोखालीही चाललं असतं. रॅम्प आत आणू:

‘ओल्या रॅम्पवरून न घाबरता गाडी चढवली.’

आता जागा आली, कृती आली. पण ‘न घाबरता’ मधे आलं. ते खरं आहे का? बहुधा नसेल. शिवाय नकार हा वाचणाऱ्याला आधीच्या भीतीकडे नेतो. ‘चढवली’मध्ये मिरवणंही आहे. गाडीलाच कर्ता करू, आणि खरं जसं झालं तसं लिहू:

‘पाय टेकत टेकत का होईना, गाडी फेरीत चढली.’

ही ओळ मला पूर्ण वाटते. ‘का होईना’मुळे अर्धं जमणंही अभिमानाने सांगता येतं. ‘टेकत टेकत’मध्ये चार महिन्यांची सगळी मेहनत आहे आणि महिना एकही नाही. गाडी चढली, कुणी उतरलं नाही. घरातल्या मावशीने वाचलं तर ती म्हणेल, ‘बरं झालं, गाडी शिकली पोर.’ जवळच्या मैत्रिणीने वाचलं तर तिला आतलं कळेल आणि ती गप्प हसेल. आणि त्याने वाचलं तर त्याला स्वतःबद्दल त्यात काहीच सापडणार नाही. तिघांनी तीन वेगळ्या प्रकारे वाचावी आणि तिघांनाही ती खरी वाटावी, ही कसोटी. एखादी ओळ यात नापास होते आहे का हे ओळखायची सोपी रीत आहे. तीच ओळ तुमच्या लग्न झालेल्या, संसारात रमलेल्या बहिणीच्या स्कूटरच्या फोटोखाली लावून बघा. तिथेही ती साधी आणि गोड वाटली तर पास. ‘शेवटी स्वतःला शोधलं’ तिच्या फोटोखाली लावा, घरात लगेच चौकशी सुरू होईल.

याहून लहान ओळ हवी असेल तर कोंकणीतला एक शब्द पुरेल: ‘सवकास.’ आपल्याकडे गाडी शिकणाऱ्याला हाच शब्द दहा वेळा ऐकायला मिळतो, आणि बरं होणाऱ्यालाही. घरी कोंकणी, वाचायला मराठी, असं ज्यांचं आहे त्यांना तो आतून लागतो. मात्र त्याच्या मागेपुढे काही जोडू नका. ‘सवकास, पण नक्की’ झालं की तो शब्द पोस्टरवर गेला.

लांबीबद्दल थोडंच. इन्स्टाग्रामवर 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये सुरुवातीचा लहानसा भागच दिसतो आणि बाकीचा दाबल्यावर उघडतो. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे आपली जागा लवकर भरते. सहा ते बारा शब्द पुरेत. ओळ अर्ध्यात तुटली आणि वाचणाऱ्याला पुढचं उघडावं लागलं, तर तो आत काहीतरी गुपित असणार या तयारीने उघडतो.

ओळ स्वच्छ झाली तरी फोटो बोलत असतो. आरशाला किंवा हँडलला अडकवलेलं दुसरं हेल्मेट आहे का बघा. हातातलं घड्याळ, गळ्यातली साखळी कुणाची भेट आहे हे मित्रांना माहीत असतं. मागच्या बाजूला कुणाचा हात, खांदा, सावली आली असेल तर ती कापा. आणि एक प्रश्न हमखास येतो: फोटो कुणी काढला? एकट्या मुलीच्या लांबून काढलेल्या फोटोत लोक लगेच नवा माणूस शोधतात. सोबत मैत्रीण होती तर तिला फोटोत टॅग करा, किंवा ओळीखाली ‘फोटो:’ लिहून तिचं नाव द्या. टायमर लावून काढला असेल तर काही लिहू नका, कमेंटमध्ये कुणी विचारलं तर सांगा.

मग जागेचा टॅग. गोवा लहान आहे आणि कुठली जोडी कुठे बसायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही दोघं जिथे नेहमी जायचात ती जागा टॅग केली तर ओळ कितीही निर्मळ असो, पत्ता त्याच्याच घराचा लागतो. दिवाडी तुमच्यासाठी नवी असेल तर टॅग जरूर करा, ती जागाही तुमची वाढच सांगते. तिथेही दोघं जायचात, तर टॅग सोडून द्या. दोनापावलचा टॅग तर या काळात नकोच. तिथल्या प्रेमाच्या दंतकथेमुळे साधा सूर्यास्तही विरहाचा होतो.

गाण्याचंही असंच. फोटोला लावलेलं गाणं ओळीच्या आधी ऐकू येतं. वर ‘गाडी फेरीत चढली’ आणि मागे आळवणीचं गाणं, तर लोक गाण्यावर विश्वास ठेवतात. या फोटोला गाणं लावूच नका.

टाकायची वेळ सकाळची किंवा जेवणाच्या सुट्टीची. रात्री अकरानंतर टाकलेली कुठलीही ओळ एकटेपणाची वाटते, ती तशी नसली तरी. त्याचा वाढदिवस, तुमची जुनी तारीख, फेब्रुवारीचा तो आठवडा, हे दिवस टाळा. त्याच्या नव्या फोटोनंतर लगेच दोन-तीन दिवसांतही नको, ते उत्तर दिल्यासारखं दिसतं. जुने दोघांचे फोटो काढायचे असतील तर ते काम या फोटोच्या दिवशी करू नका. लोक प्रोफाइल उघडतात, फोटो कमी झालेले बघतात आणि मग नव्या ओळीचा अर्थ त्यावरून लावतात. आठवडाभर आधी आर्काइव्ह करा. त्यात लाइक आणि कमेंट तशाच राहतात, आणि हवं तेव्हा फोटो परत आणता येतो.

हा फोटो स्टोरीत टाकायचा की पोस्ट म्हणून? माझं मत स्पष्ट आहे, पोस्ट. स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं आणि तोवर कुणी कुणी पाहिलं याची यादी तुमच्यासमोर उघडी असते. तुम्ही दर तासाला ती यादी बघाल, त्यात एक नाव शोधाल, आणि मग ओळीतून काढलेला माणूस तुमच्या मनात परत येऊन बसेल. फोटोच्या साध्या पोस्टला बघणाऱ्यांची यादी नसते. टाकलात की फोन ठेवून देता येतो.

टाकल्यावर ओळ बदलायची वेळ आली तर बदला, पण जपून. इन्स्टाग्राम बदललेल्या ओळीजवळ ती बदलल्याची खूण दाखवतं, आणि फेसबुकवर तर आधी काय लिहिलं होतं तेही बघता येतं. फेसबुकवर पहिल्या खर्ड्यात टोमणा गेला असेल तर बदल करून तो जात नाही. तिथे पोस्ट काढून नव्याने टाकणंच बरं. म्हणून ओळ लिहिल्यावर ती एक रात्र फोनच्या नोंदवहीत ठेवा आणि सकाळी चहा घेताना मोठ्याने वाचा. कानाला लागतं ते डोळ्यांना लागत नाही. ‘च’ वर आवाज चढतोय का एवढंच ऐका.

हीच रीत दुसऱ्या फोटोंनाही लागते, फक्त वस्तू बदलतात. चवथीला माटोळी बांधतानाचा फोटो असेल तर ‘यंदा माटोळी बांधायला स्टुलावर मी चढले.’ इथला ‘यंदा’ काळाचा असला तरी चालतो, कारण चवथीला अख्खा गोवा ‘यंदा’ म्हणतो. सणाच्या हिशेबात तुमचा हिशेब कुणी शोधत नाही. स्वयंपाकघरातला फोटो असेल तर ‘खतखत्यात तेफळं वेळेवर पडली. आईने चाखून मान डोलावली.’ यात वाढ सांगणारी तुम्ही नाही, आई आहे. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं कौतुक नेहमीच कमी बोचतं, फक्त ते खरंच मिळालेलं असावं. मिरामारला सकाळी धावतानाचा फोटो असेल तर ‘आज वाळूतून. पोटऱ्या बोलतायत.’ मुलगा लिहीत असेल आणि फोटो शेतातला असेल तर ‘लावणीचा पहिला वाफा वाकडा आला. दुसरा बरा.’ या प्रत्येक ओळीत एक वस्तू आहे, एक कृती आहे आणि थोडी उणीव आहे. उणीव ठेवल्यामुळे ओळ टोमणा होत नाही. टोमणा मारणारा स्वतःची उणीव सांगत नाही.

आणि असंही होतं की फोटो छान असतो, पण त्यात शिकलेलं, जमलेलं असं काहीच नसतं. नुसतं मांडवीकाठी उभं राहणं असतं. तेव्हा वाढ दाखवायला जाऊ नका. रात्री नीट झोप लागायला लागली, रडू कमी झालं, या गोष्टी खऱ्या आणि मोठ्या आहेत, पण त्या फोटोखालच्या ओळीत मावत नाहीत. मावायला गेल्या की त्यांचा सुविचार होतो. त्या फोटोखाली ‘रायबंदर, साडेसहा’ एवढं लिहा. चांगला उजेड आणि शांत चेहरा बाकीचं काम करतो.

कमेंटची तयारी मात्र आधीच करून ठेवा, कारण ओळ जिथे बिघडत नाही तिथे मित्र बिघडवतात. कुणीतरी ‘फायनली!’ लिहील, कुणी आगीचं चिन्ह टाकून ‘त्याला दाखव’ लिहील. प्रेमापोटीच लिहितील, पण तुम्ही काढलेला माणूस ते परत आणून बसवतील. अशा कमेंटला लाइक देऊ नका, कारण तुमचा लाइक म्हणजे होकार असतो. ‘त्याला दाखव’ ही काढून टाका आणि त्या मित्राला खासगीत दोन शब्द सांगा. ‘फायनली!’ला उत्तर द्या, पण गाडीचं: ‘हो ना, फोंडा ते जुने गोवे न थांबता!’ तोच मुद्दाम काही लिहील अशी भीती असेल तर त्याला आधीच रिस्ट्रिक्ट करून ठेवा. त्याची कमेंट तुम्ही मान्य करेपर्यंत बाकीच्यांना दिसत नाही, आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. कुणी सरळच विचारलं, ‘ही ओळ कुणासाठी?’, तर उत्तर तुमच्या फोटोत तुमच्या शेजारी उभं आहे: ‘स्कूटरसाठी. अजून हप्ते चालू आहेत.’ हप्ते नसतील तर पहिलं वाक्य पुरे.